पहिल्या पावसातली वाट आणि मुक्तछंदाची ओळ

पावसातल्या विरहाचं आपलं मोठं काव्य म्हणजे मेघदूत. ते मंदाक्रान्तेत आहे. चरण १७ अक्षरांचा, चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर यती. दोन-चार श्लोक ऐकले की पुढचा विसावा कुठे येणार हे कानाला आधीच कळतं. यक्षाच्या विरहाला ते शोभतं, कारण त्याचा शाप वर्षाचा आहे आणि त्यातले चारच महिने उरलेत. पण मृगाच्या पहिल्या मुसळधार पावसात घरचं माणूस परतलं नसेल, तर त्या वाट पाहण्याला मुदत नसते. म्हणून अशा वाट पाहण्याची कविता मला मुक्तछंदात हवी वाटते. पुढची ओळ कुठे तुटेल, हे इथे ऐकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आजच्यासाठी काही ओळी रचून आणल्या आहेत. घर कोकणातलं आहे.

छत्री दारामागेच आहे.
सहाची एसटी
आली असेल,
किंवा
साकवावरून पाणी गेलं असेल.
कौलांवर इतका आवाज
की फाटक वाजलं
तरी
कळणार नाही.

पहिली ओळ पाहा. आषाढात छत्री कुणी विसरत नाही. सकाळी कोरडं होतं म्हणूनच ती दारामागे राहिली. पाऊस हंगामातला पहिला आहे, हे त्या छत्रीनं सांगितलं. ‘पहिला’ हा शब्द घालावा लागला नाही.

‘किंवा’ला मी स्वतंत्र ओळ दिली. तो मागच्या ओळीला जोडला, तर दोन शक्यता नुसत्या शेजारी बसतात. एकटा ठेवला की वाचणारा तिथे अडतो, आणि तेवढ्या वेळात साकवाचं भय मनात येतं. पण हीच युक्ती प्रत्येक शब्दाला लावली की कविता बिघडते. सगळीकडेच अडलं, तर कुठेच अडल्यासारखं वाटत नाही. नव्या मुक्तछंदात हा दोष मला वारंवार दिसतो. तो ओळखायचा तर कविता सलग गद्यासारखी लिहून काढा आणि मोठ्यानं वाचा. काहीच हरवलं नाही, तर त्या ओळी उगाच तोडल्या होत्या.

शेवटच्या चार ओळी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. एरवी वाट पाहणारा कानांवर जगतो: पाऊल, कडी, फाटक. मुसळधार पाऊस नेमके तेच कान काढून घेतो. माणूस अंगणात पोचलेलं असेल, तरी आतल्याला पत्ता नाही. ही अवस्था पावसामुळेच येते, म्हणून इथला पाऊस देखाव्यापुरता नाही.

माणूस शेवटी येतं का, असं कुणी विचारेल. मी ते लिहिलेलं नाही. आगमन लिहिलं की आधीचे दोन्ही ‘असेल’ निकाली निघतात, आणि कविता एका संध्याकाळची हकिकत होऊन बसते. घरी वाचून पाहाल, तेव्हा ‘तरी’नंतर थांबा, पण आवाज खाली सोडू नका, वाक्य अजून पुरं व्हायचं आहे.