हद्द कुठली, साल कुठलं?

नागपूरचं एक जोडपं नोकरीसाठी पुण्याला निघालंय असं समजू. ऑफिस खराडीत, म्हणून घर वाघोलीत बघायचं ठरलंय. दलाल म्हणतो, पाण्याचा प्रश्न नाही, एरिया सेफ आहे. दोघंही हुशार, त्यामुळे दलालाच्या शब्दावर न जाता ती स्वतः आकडे काढायला बसतात.

पहिली पायरी जनगणनेची. पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाख 24 हजार, असं ती सांगते. पण हा आकडा 2011 चा आहे आणि त्यात वाघोली नाहीच. वाघोली तेव्हा हवेली तालुक्यातलं गाव होतं. 2021 साली 23 गावं महापालिकेत आली, त्यांतलं ते एक. म्हणजे वाघोलीचे आकडे शहराच्या तक्त्यात सापडत नाहीत, ते गावांच्या यादीत शोधावे लागतात. सापडले तरी ते आजचे टॉवर उभे राहण्याआधीचे. 2021 ची जनगणना झालीच नाही, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे 1 मार्च 2027.

पाण्याची गंमत तर आणखी वेगळी. जनगणनेच्या 2010 च्या घरयादीत पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत विचारला होता. नळ, विहीर, हातपंप, कूपनलिका, झरा, नदी, तलाव अशी उत्तरं ठरलेली. टँकरला स्वतंत्र रकाना नव्हता. इंग्रजी तक्त्यात ‘टँक’ हा शब्द दिसतो खरा, पण त्याचा अर्थ तळं. तो बघून कुणी टँकरवरची घरं मोजायला लागलं, तर फसलंच म्हणायचं.

मग जनगणना टाकून द्यायची का? मुळीच नाही. घरोघर जाऊन केलेली ती मोजणी आहे. जुन्या पेठांसारख्या, हद्द आणि वस्ती फारशी न हललेल्या भागाचं चित्र ती आजही बरं दाखवते. शहराच्या कडेला मात्र ती जुना फोटो ठरते.

दुसरी पायरी गुन्ह्यांची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात दर लाख लोकांमागे दखलपात्र गुन्ह्यांचा दर कोलकात्यात 86.5, तर पुण्यात 280.7. कमी दराच्या महानगरांत पुण्याचा नंबर दुसरा, म्हणून बातम्याही झळकल्या. पण भागाकार कशाने केला? अहवाल पुण्याची लोकसंख्या 50.5 लाख धरतो. ती 2011 ची, आणि पिंपरी-चिंचवड व छावण्यांसह संपूर्ण नागरी पट्ट्याची. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय मात्र 15 ऑगस्ट 2018 पासून वेगळं आहे. 280.7 ला 50.5 ने गुणलं की गुन्हे येतात सुमारे 14 हजार 200. तेवढ्याच गुन्ह्यांना महापालिकेच्या 31.24 लाखांनी भागलं तर दर होतो 454 च्या आसपास. गुन्हा एकही वाढला नाही, फक्त छेद बदलला.

शिवाय नोंद झालेला गुन्हाच मोजला जातो. एका तक्रारीत अनेक कलमं असली तरी सर्वांत गंभीर तेवढंच धरतात. तक्रार घेणं सोपं केलं की आकडा फुगतो, आणि पोलीस चौकीच्या पायरीवरूनच माणूस परत गेला की घटतो. गुन्हे वाढणं आणि नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या अहवालातच बजावून सांगितलेलं असतं.

शहराच्या क्रमांकापेक्षा पोलीस ठाणं बघावं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर प्रथम खबर अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील अहवाल तेवढे वगळलेले असतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ठाणं आणि तारीख निवडून ते वाचता येतात. एका महिन्याचे वाचले तरी दुचाकी-चोऱ्या किती आणि घरफोड्या किती याचा अंदाज येतो. इथेही हद्द सांभाळावी. वाघोली आधी लोणीकंद ठाण्याखाली होती, 2024 मध्ये तिथे स्वतंत्र ठाणं झालं. लोणीकंदचे आकडे त्यानंतर खाली आले असतील, तर ते चोर सुधारल्यामुळे असं समजू नये.

राहिलं लोकांचं ऑनलाइन बोलणं. तक्रार असलेला माणूस लिहितो, सुखात असलेला लिहीत नाही. फ्लॅट विकायला काढलेला तर गुणच गातो. तरी टँकरची बातमी जनगणनेच्या कितीतरी आधी इथेच मिळते. “वाघोली बेकार” या वाक्याला किंमत शून्य. “आमच्या सोसायटीत मे महिन्यात रोज सहा टँकर लागले” यात जागा आहे, काळ आहे, मोजमाप आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी तेच सांगितलं तर ते तपासण्याजोगं.

तपासायचं कागदावर. त्या जोडप्याने टोकन देण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे वार्षिक सभेत मांडलेला हिशेब मागावा आणि गेल्या उन्हाळ्यात टँकरवर किती खर्च झाला ते बघावं. हिशेब दाखवायला टाळाटाळ झाली, तर टोकन खिशातच ठेवावं.