झोंपेंत दांत खाणें



लहान मूल झोंपेंत दांत खाऊं लागलें कीं आपल्याकडील वडील माणसें म्हणतात, "पोटांत जंत झाले असतील." शिक्षकाच्या नोकरींत असतां मींही कित्येक पालकांना हेंच सांगितलें आहे. ही समजूत बहुधा खरी नसते, आणि बहुतेक मुलांची ही खोड वयाबरोबर आपोआप सुटते, हें मला पुढें कळलें. तेंही वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं तोच विकार माझ्या वांट्यास आल्यामुळें.

दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या आरंभीं सकाळीं उठतांच माझीं दोन्ही कानशिलें ठणकूं लागलीं. डोक्याभोंवतीं कोणी फडकें घट्ट आवळावें तसें वाटे, आणि दहाच्या सुमारास दुखणें आपोआप ओसरे. मीं पित्त समजून सुंठ-साखर घेतली, चष्म्याचा नंबर तपासून घेतला, रक्तदाब पाहविला. कशांतच कांहीं निघालें नाहीं. पुढें एके दिवशीं भाकरी चावतांना जबड्याचे कोपरे दुखले, आणि त्याच आठवड्यांत एका दाढेचा टवका उडाला. तेव्हां पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही रात्रीं जात्यावर भरडा काढावा तसे करकर दांत खातां. मला वाटलें, तुम्हांला ठाऊक असेल." मला मुळींच ठाऊक नव्हतें. या विकाराचें वैशिष्ट्यच हें कीं, ज्याला तो होतो त्याला आवाज ऐकूं येत नाहीं. शिवाय कित्येकजण दांत घासत नाहींत, नुसते आवळून धरतात. त्यांचा आवाज शेजारच्यालाही येत नाहीं. अशा माणसाला सकाळच्या दुखण्यावरूनच काय तो तर्क करावा लागतो.

दंतवैद्यानें माझें तोंड पाहिलें आणि आरसा हातीं देऊन मलाही दाखविलें. सुळ्यांचीं टोकें झिजून सपाट झालीं होतीं. खालचा जबडा किंचित् बाजूस सरकवितांच वरच्या सुळ्याचा सपाट भाग खालच्या सुळ्यावर बरोबर बसला. गालाच्या आंतल्या बाजूस दांतांच्या रेषेंत एक पांढरी कड उमटली होती, आणि जिभेच्या कडेस दांतांचे खांचे पडले होते. मग त्यानें जबड्याच्या कोपऱ्यावर आणि कानशिलावर बोटांनीं दाबलें. माझें सकाळचें दुखणें तेंच, तिथेंच जागें झालें. आपणही ही परीक्षा घरीं करूं शकतां. कानशिलावर बोटें ठेवून दांत आवळा. तेथें एक स्नायु फुगतो. तो चावण्याचा स्नायु होय. रात्रभर ओझें वाहिलेल्या हमालाचे खांदे सकाळीं दुखावेत, तसा तो दुखतो, आणि आपण त्याला डोकेंदुखी म्हणतों.

असें कां होतें? झोंप रात्रभर सारखी गाढ नसते. मधूनमधून मेंदू क्षणभर जागृतीच्या कांठावर येतो, हृदयाचे ठोके किंचित् वाढतात, आणि त्यापाठोपाठ जबडा आवळला जातो. मनावर काळजीचा भार असला, सायंकाळीं चहा-कॉफी फार झाली, तंबाखू किंवा मद्य घेतलें, तर हा प्रकार वाढतो. नैराश्यावरील कांहीं औषधांनींही तो होतो. मात्र तसें वाटल्यास औषध आपल्या मनानें बंद न करतां देणाऱ्या डॉक्टरला सांगावें.

दंतवैद्यानें माझ्या दांतांचा ठसा घेऊन रात्रीं वरच्या दांतांवर बसविण्याचें कठीण, पारदर्शक आवरण करून दिलें. तें म्हणाला, "यानें आपलें दांत खाणें थांबेल असें समजूं नका. आपण दांताऐवजीं हें आवरण खाल, एवढेंच." दांतावरचें कठीण कवच एकदां झिजलें कीं पुन्हा वाढत नाहीं, म्हणून हें एवढेंही थोडें नव्हे. आवरण थंड पाण्यानें धुवावें; कढत पाण्यानें तें वांकडें होतें. दुकानांत मिळणारें मऊ आवरण कांहीं जणांना उलट चघळावयासच लावतें.

राहिला काळजीचा प्रश्न. दंतवैद्याच्या सांगण्यावरून मीं चौदा दिवस एक वही ठेविली. सकाळीं उठतांच दुखणें किती, आणि आदल्या सायंकाळीं काय केलें, एवढेंच लिहावयाचें. चौदांपैकीं अकरा सकाळीं दुखण्याच्या निघाल्या. त्यांतील नऊ सकाळींच्या आदल्या रात्रीं मी जेवणानंतर एकच काम करीत बसलों होतों. पतपेढीच्या एका कर्जाला मी पुतण्याचा जामीन राहिलों होतों. हप्ते थकले होते आणि नोटिसा माझ्या नांवें येत होत्या. त्या कागदांची बेरीज-वजाबाकी करून मी अंथरुणावर पडत असें. बाहेर कोणाला एक अक्षर बोललों नव्हतों, पुतण्यालासुद्धां नाहीं. आपल्या भाषेंत संतापलेल्या माणसाला दांत-ओंठ खाणारा म्हणतात; मी तें काम झोंपेंत करीत होतों.

आणखी एक गोष्ट त्या वहीमुळें ध्यानांत आली. दिवसाही वर्तमानपत्र वाचतांना किंवा हिशेब करतांना माझे दांत एकमेकांवर दाबलेले असत. खरें पाहतां चावणें व गिळणें सोडलें तर दांतांना दांत लागण्याचें कारणच नाहीं. ओंठ मिटलेले, दांत सुटे आणि जिभेचें टोंक वरच्या दांतांमागें टेकलेलें, ही जबड्याची विश्रांतीची स्थिति. मीं चष्म्याच्या घरावर आणि घड्याळावर तांबडा ठिपका लावला. ठिपका दिसला कीं जबडा तपासावयाचा, दांत सुटे करावयाचे. झोंपेंतल्या जबड्यावर आपला हुकूम चालत नाहीं, पण जागेपणींच्या जबड्यावर चालतो. आणि दिवसा न दमलेला स्नायु रात्रीचें ओझें बरें सोसतो.

हिशेबाचे कागद मीं सकाळीं दहा वाजतां उघडूं लागलों. चारनंतरचा चहा सोडला, सुपारी सोडली, आणि निजण्यापूर्वीं दहा मिनिटें कोमट फडक्यानें दोन्ही गाल शेकूं लागलों. शेवटीं पुतण्याला घरीं बोलावून कागद त्याच्यापुढें ठेविले. तो म्हणाला, "काका, नोटिसा तुमच्याकडे येतात हें मला कोणी सांगितलेंच नाहीं." आम्ही दोघे मिळून पतपेढींत गेलों आणि हप्ते बांधून घेतले. दीड महिन्यानें पुन्हा चौदा दिवस वही लिहिली. दुखण्याच्या सकाळीं तीन भरल्या. दांत खाणें मात्र गेलेलें नाहीं. आवरणावर नवे ओरखडे अजूनही दिसतात.

एक इशारा देऊन थांबतों. सकाळची प्रत्येक डोकेंदुखी जबड्याची नसते. मोठें घोरणें, झोंपेंत श्वास अडकणें आणि दिवसा पेंग येणें यांच्या जोडीला ती असेल, तर झोंपेंतील श्वासाची तपासणी करून घ्यावी. आणि माझ्या वयाच्या श्रोत्यांनीं विशेष लक्षांत ठेवावें: कानशिलाची शीर दुखरी होऊन फुगली, केंस विंचरतांना डोकें दुखूं लागलें, घांस चावतां चावतां जबडा दुखून थांबावें लागलें किंवा दृष्टि अंधुक झाली, तर तो रक्तवाहिनीचा दाह असूं शकतो. त्यांत उशीर झाल्यास डोळा जाण्याचें भय असतें. त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें. यांतलें कांहीं नसेल, तर उद्यां सकाळीं उठतांच जबड्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून पाहा, आणि शेजारीं निजणाऱ्या माणसाला विचारा. मला उत्तर घरांतच मिळालें असतें. मीं विचारलें नव्हतें, एवढेंच.