मिठाचा हिशेब, रक्तदाबाचा अंक आणि छातीचा इशारा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या आरोग्य-शिबिरांत एका डॉक्टरांनीं दिलेलें व्याख्यान)



आज सकाळपासून आम्हीं तुमच्यापैकीं पुष्कळांच्या दंडास पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. अंक जास्त निघाल्याचें सांगतांच बहुतेकांनीं एकच उत्तर दिलें: "पण डॉक्टर, मला तर कांहींच होत नाहीं." हें उत्तर खोटें नाहीं, पण त्यांतच सारा धोका आहे. रक्तदाब वाढला म्हणजे डोकें दुखेल, चक्कर येईल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षांत वर्षानुवर्षें कांहींएक न जाणवतां तो रक्तवाहिन्या, मूत्रपिंडें आणि हृदय झिजवीत असतो. तो मोजल्यावांचून कळत नाहीं.

ह्यासाठीं आम्ही एका गृहस्थांची हकीकत सांगतों. नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. वय ५६, केळीची व भाजीची वाडी, अंग कष्टाचें, देह सडपातळ. अशाच एका शिबिरांत ते धांवतपळत आले, खुर्चीवर बसले आणि बोलतां बोलतां त्यांचा दाब मोजला गेला. तो १७० वर १०० भरला. आमच्या एका सहकाऱ्यानें तो अंक पुसून टाकिला व त्यांस बाजूला बसविलें.

असें कां केलें? घाईनें मोजलेला दाब खरा नसतो. अर्ध्या तासाच्या आंत चहा, विडी किंवा चढण झालेली असूं नये. लघवी तुंबलेली असूं नये. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, पांच मिनिटें मुकाट्यानें बसावें. पट्टा सदऱ्याच्या बाहीवर नव्हे, तर उघड्या दंडावर बांधावा. हात मेजावर हृदयाच्या उंचीस टेकलेला असावा. मग एक दोन मिनिटांच्या अंतरानें दोनदां मोजावें. जाड दंडास लहान पट्टा बांधिला तर अंक उगाच फुगतो, हेंही ध्यानांत ठेवावें. ह्या रीतीनें आमच्या गृहस्थांचा अंक १५४ वर ९४ आला. आठवड्यानें पुन्हां मोजला तेव्हां १५२ वर ९४ निघाला. निरनिराळ्या दिवशीं, स्वस्थपणें मोजूनही, वरचा अंक १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक येत असेल तर त्यास रक्तदाबाचा विकार म्हणतात. घरच्या यंत्रावर हीच मर्यादा १३५ वर ८५ धरतात.

पुढील प्रश्न त्यांच्या पत्नीस विचारला: "बाई, मिठाची एक किलोची पिशवी घरांत किती दिवस पुरते?" त्या म्हणाल्या, "वीस दिवस." जेवणारीं माणसें पांच, सर्व मोठीं. म्हणजे दिवसास ५० ग्रॅम, माणशीं १० ग्रॅम. मोठ्या माणसास दिवसाचें सर्व मिळून मीठ ५ ग्रॅमपेक्षां कमी असावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. हें माप चहाच्या सपाट चमच्याएवढें होय. त्या हिशेबानें पांच माणसांस एक पिशवी निदान ४० दिवस पुरली पाहिजे. मासळी धुण्यास व लोणचें घालण्यास लागणारें मीठ वेगळें मोजलें, तर हा हिशेब कोणाही गृहिणीस घरीं करतां येईल.

परंतु सारें मीठ पिशवींतूनच येतें असें नाहीं. पाव, फरसाण, पापड आणि लोणचें ह्यांतलें मीठ आपल्या हिशेबांत येत नाहीं. सुक्या मासळींतही भेद आहे. आपल्याकडे बोंबील बहुधा मीठ न लावतां वाऱ्याउन्हावर सुकवितात. खारा बांगडा मात्र मिठांतच मुरलेला असतो. तो करावयाचाच झाला तर पाणी दोनतीनदां बदलून भिजवावा आणि कालवणांत वेगळें मीठ घालूं नये. ताटांत वरून मीठ वाढण्याची चाल मोडावी. पहिले कांहीं आठवडे जेवण अळणी लागेल. पुढें जिभेस तीच चव बरी वाटूं लागते. सैंधव हेंही मीठच आहे. बाजारांत मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठांत पोटॅशियम असतें. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं, तसेंच रक्तदाबाच्या कांहीं गोळ्या घेणाऱ्यांनीं, तें डॉक्टरांस विचारल्याविना वापरूं नये.

मीठ शरीरांत पाणी धरून ठेवतें; रक्तवाहिन्यांत भार वाढतो व हृदयास अधिक जोरानें रक्त लोटावें लागतें. मीठ निम्म्यावर आणल्यानें वाढलेल्या दाबाचा वरचा अंक साधारण पांचाच्या आसपास उतरतो. हा लाभ खरा आहे. पण १५२ चे १४७ झाले म्हणून गोळी सुटत नाहीं. अंक उतरला तो गोळीनें, हें विसरून ती आपल्याच मनानें बंद करणारे आम्हांस वारंवार भेटतात.

आतां हकीकतीचा शेवटचा भाग. उठतां उठतां ते गृहस्थ सहज म्हणाले, "गॅसवर एखादी गोळी द्या. भाजीचा भारा घेऊन सायकलीनें स्टेशनाकडे जातांना पूल चढलों कीं छातींत दाटतें, डावा खांदा भरून येतो. उतरून दोन मिनिटें उभा राहिलों कीं जातें." आम्हीं त्यांस पुन्हां खालीं बसविलें. श्रमानें येणारें आणि विश्रांतीनें जाणारें दुखणें गॅसचें समजूं नये. तो हृदयाचा इशारा असूं शकतो. त्यांची हृदयाची विद्युत्-पट्टी, म्हणजे ईसीजी, निर्दोष निघाली. पुष्कळजण येथेंच फसतात, कारण स्वस्थ पडलेल्या हृदयास रक्त पुरत असतें, श्रमांत तें अपुरें पडतें. म्हणून त्यांस हृदयरोगतज्ज्ञाकडे धाडलें. पुढील तपासणींत हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली आढळली आणि झटका येण्यापूर्वींच उपाय करतां आला.

हें दुखणें बहुधा टोंचल्यासारखें नसतें. छातीच्या मध्यभागीं ओझें ठेवल्यासारखें, आवळल्यासारखें वाटतें आणि तें हात, जबडा किंवा पाठीकडे जातें. स्त्रियांस, वृद्धांस आणि मधुमेह्यांस कधीं दुखतच नाहीं. नुसता दम लागतो, मळमळतें, थंड घाम येतो, किंवा विनाकारण गळून गेल्यासारखें वाटतें. पूर्वीं पूल चढल्यावर येणारें दुखणें अंगण झाडतांना येऊं लागलें, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. स्वस्थ बसूनही पांच मिनिटांत तें थांबलें नाहीं, तर सोडा किंवा ओवा घेत सकाळची वाट पाहूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रोग्यानें स्वतः वाहन चालवूं नये, जिना उतरूं नये. जेथें ईसीजीची सोय आहे अशाच रुग्णालयांत जावें, आणि दुखणें चालूच असेल तर पहिली पट्टी निर्दोष आली म्हणून घरीं परतूं नये, ती पुन्हां काढवावी. हृदयाचा स्नायु रक्तावांचून मिनिटामिनिटास मरत असतो. मेलेला भाग पुन्हां जिवंत होत नाहीं.

ते गृहस्थ आज वाडींत काम करितात. गोळी चालू आहे, आणि घरांतल्या मिठाच्या पिशवीवर त्यांची पत्नी ती उघडल्याची तारीख लिहून ठेवते. आपणही आज घरीं गेल्यावर तेवढी तारीख लिहावी, आणि ज्यांचा अंक आज जास्त निघाला त्यांनीं पुढील आठवड्यांत पुन्हां मोजून घ्यावा, इतकी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.