खांबावरून वायरमन का पडला?

विजेच्या खांबावर चढलेला वायरमन पडला, की गावात दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, "त्याचा पाय घसरला." दुसरा म्हणतो, "नशिबात होतं." दोन्ही बोलणी फार घाईची आहेत. खांबावरून माणूस पडतो त्याला बहुतेक वेळा कारण असते, आणि ते कारण शोधले तर सापडते. आज आम्ही अशाच एका पडण्याची हकीकत तुम्हांला सांगणार आहोत. ती आमच्या परिसरातली आहे. माणसाचे व गावाचे नाव सांगत नाही. नावापेक्षा काय घडले ते महत्त्वाचे.

वळवाचा पाऊस होऊन गेला होता. गावाच्या टोकाला एका खांबावर जम्पर तुटला होता. जम्पर म्हणजे खांबाच्या अलीकडची तार पलीकडच्या तारेला जोडणारा लहान तुकडा. तो तुटल्याने टोकाच्या तीन घरांची वीज गेली. बाकी गाव चालू होते. वायरमन आणि त्याचा मदतनीस दुपारी बाराच्या सुमारास आले.

वायरमन अनुभवी होता. त्याने आधी उपकेंद्राला फोन करून परमिट मागितले. परमिट म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. उपकेंद्रातला ऑपरेटर त्या बाजूची लाईन बंद करतो. स्विचजवळ 'माणसे काम करीत आहेत, चालू करू नये' अशी पाटी लावतो. वहीत वेळ, लाईनचे नाव, परमिट घेणाऱ्याचे नाव लिहितो आणि नंबर देतो. मग ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करीपर्यंत ती लाईन चालू करायची नाही. दुसऱ्या कोणी "काम झालं, सोडा लाईन" असे सांगितले तरी नाही. एकाच लाईनवर दोन टोळ्या काम करीत असतील, तर दोन परमिटे असतात आणि दोन्ही परत यावी लागतात. म्हणून परमिट हा नुसता तोंडी निरोप नव्हे. तो लेखी करार आहे.

इथे तो करार नीट झाला होता. ऑपरेटरने नंबर सांगितला, "लिहून घ्या, भाऊ." वायरमनने लिहून घेतला. मग तो डीपीपाशी गेला. तिथला एबी स्विच त्याने दांडी ओढून उघडला. दांडी खाली आली म्हणजे तिन्ही पाती सुटलीच असे नसते. एखादे पाते गंजून अडकते. म्हणून त्याने मान वर करून तिन्ही पाती सुटलेली पाहिली. दांडीला कुलूप लावले. खालच्या पेटीतली किटकॅटही काढून घेतली. म्हणजे उपकेंद्राकडून येणारी वीज दोन जागी तोडली. इथपर्यंत त्याचे काही चुकले नाही.

मग तो सहा खांब चालून तुटलेल्या जागी आला. कमरेला सेफ्टी बेल्ट बांधून, शिडी लावून चढला. टेस्टर तारेला लावला. दिवा लागला नाही. मात्र त्याने टेस्टर लावला तो डीपीकडून येणाऱ्या तारेला. टोकाकडे जाणाऱ्या तारेला लावला नाही. "वीज येते ती डीपीकडून, टोकाकडून कशी येईल?" असा त्याचा हिशेब. अर्थिंगची साखळी खाली गाडीतच राहिली.

काम करताना त्याला आडव्या लोखंडी चॅनेलच्या दुसऱ्या बाजूला जायचे होते. मध्ये घरांच्या सर्व्हिस वायरी आड येत होत्या. त्याने बेल्टच्या दोरीचा हुक सोडला आणि पलीकडे सरकला. हुक पुन्हा लावणार, इतक्यात तारेचे लोंबते टोक वाऱ्याने हलले. त्याने ते उजव्या हाताने धरले. डावा हात चॅनेलवर होता. मदतनिसाने पाहिले, की वायरमनचे अंग झटका बसल्यासारखे ताठ झाले, हात सुटले आणि तो खाली आला.

मंडळी, डीपी बंद, उपकेंद्र बंद, मग वीज आली कुठून?

त्या तीन घरांपैकी एका घरी लग्नाची तयारी चालली होती. वीज गेली म्हणून त्यांनी एक लहान जनरेटर आणला. घरातल्या दिव्यांना वीज मिळावी म्हणून दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घेतली. एक टोक जनरेटरमध्ये आणि दुसरे घरातल्या सॉकेटमध्ये घातले. घराचा मेन स्विच मात्र चालूच राहिला. त्यामुळे जनरेटरची वीज घरात पसरली आणि मेन स्विचमधून, मीटरमधून उलटी बाहेर खांबाकडे गेली. याला उलटा पुरवठा म्हणतात. घरातल्या दिव्याला जे २३० व्होल्ट लागतात, तेच त्या लोंबत्या तारेत उभे होते.

इथे कोणी विचारेल, "गुरुजी, एवढासा जनरेटर, तो साऱ्या गावाला वीज कशी देईल?" प्रश्न बरोबर आहे. साऱ्या गावाची घरे त्या तारेवर असती तर तो ओझ्याने तत्काळ बंद पडला असता. पण जम्पर तुटला होता. त्यामुळे तारेच्या त्या तुकड्यावर तीनच घरे राहिली. दोन घरची माणसे शेतावर गेलेली. ओझे जवळजवळ नव्हतेच. म्हणून तो चालत राहिला. जेवढा तारेचा तुकडा लहान, तेवढा हा धोका मोठा, हे ध्यानात ठेवा.

आता परमिटाची मर्यादा तुम्हांला कळली असेल. परमिट त्याच वीजेला अडवते जी उपकेंद्राच्या हातात आहे. टोकाच्या घरातला जनरेटर ऑपरेटरच्या वहीत नसतो. म्हणून लाईन बंद करणे हे निम्मे काम. राहिलेले निम्मे काम जागेवर, खांबापाशी करायचे असते. ते दोन गोष्टींचे आहे.

पहिली गोष्ट, तपासणी. टेस्टर आधी चालू असलेल्या जागी लावून पाहायचा, म्हणजे तो बिघडलेला नाही हे कळते. मग कामाच्या जागी प्रत्येक तारेला लावायचा, आणि तार तुटलेली असेल तर तुटीच्या दोन्ही बाजूंना. त्यानंतर पुन्हा एकदा चालू जागी. बिघडलेला टेस्टर आणि मेलेली तार, दोन्हींत दिवा लागत नाही.

दुसरी गोष्ट, अर्थिंग. साखळीचे एक टोक आधी जमिनीत ठोकलेल्या सळईला पक्के करायचे. मग लांब इन्सुलेटेड दांडीने दुसरी टोके सगळ्या तारांना अडकवायची. काढताना उलट, आधी तारा सोडायच्या आणि जमिनीचे टोक शेवटी. क्रम चुकला आणि तारेत वीज असली, तर ती साखळी धरणाऱ्याच्या अंगातून जाते. काम तुटीवर असेल तर दोन्ही बाजूंना अर्थिंग हवे. त्या दिवशी टोकाच्या बाजूला साखळी असती, तर जनरेटरची वीज साखळीतून वळून जनरेटर तिथेच बंद पडला असता. लग्नघरात दिवे गेले असते, एवढेच.

आता बेल्टाचे पाहू. त्या माणसाच्या कमरेला बेल्ट होता. तरी तो पडला. कारण बेल्ट अंगावर असणे आणि बेल्ट खांबाला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचे पाय जमिनीपासून सुमारे ५ मीटरवर होते. तेवढ्यावरून माणूस एका सेकंदात खाली येतो आणि जमिनीला लागताना त्याचा वेग तासाला सुमारे ३६ किलोमीटर असतो. त्या एका सेकंदात काही धरता येत नाही.

अडथळा ओलांडताना हुक सोडावा लागतो, हे खरे. त्यासाठी दोन दोऱ्यांचा बेल्ट वापरतात. एक हुक पलीकडे अडकवला, मगच अलीकडचा सोडायचा. म्हणजे एक हुक कायम लागलेला राहतो. नुसत्या कमरेच्या पट्ट्यापेक्षा खांदे व मांड्या धरणारा पूर्ण बेल्ट अधिक बरा. कमरेच्या पट्ट्याला झटका बसला तर सारे ओझे पोटावर व पाठीच्या मणक्यावर येते. चढण्याआधी शिवण उसवली आहे का, दोरी झिजली आहे का, हुकाची जीभ आपोआप मिटते का, ते पाहावे. आणि बेल्टाने माणूस लोंबकळत राहिला, तर त्याला लवकर खाली घ्यावे. तसे फार वेळ लटकणेही जिवाला घातक असते.

वायरमन वाचला. मदतनिसाने दोन शहाणपणाची कामे केली. आधी ओरडून जनरेटर बंद करायला लावला आणि मगच लोंबत्या तारेजवळ गेला. दुसरे, त्याने चौघांना हातपाय धरून उचलू दिले नाही. १०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत मान व पाठ हलू दिली नाही, आणि मग सपाट फळीवर घेऊन गाडीत ठेवले. उंचावरून पडलेल्याचा मणका मोडलेला असू शकतो. त्याला वाकवून उचलले तर पाय कायमचे जाण्याची भीती असते. श्वास बंद असेल तर मात्र वाट पाहू नये. छातीच्या मध्यावर जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहावे.

त्याच्या कमरेचे हाड मोडले होते. कित्येक महिने तो अंथरुणावर होता. आता काठी घेऊन चालतो. खांबावर चढत नाही.

हे नियम नवे नाहीत. तारेला हात लावण्याआधी ती अर्थिंग करून निर्धोक करावी, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांतच होते. पुढे २०१० मध्ये आणि परत २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे नियम काढले. नियम वायरमनसाठी आणि त्याच्या कचेरीसाठी आहेत. पण त्या दिवशी खांबावर वीज पाठवली ती वायरमनने नाही, कचेरीने नाही. ती एका घराने पाठवली, आणि त्या घरातल्या कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते.

म्हणून आपल्यापुरते एवढे करा. घरी, दुकानात, गिरणीत जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच परवानाधारक तंत्रज्ञाकडून बसवून घ्या. तो एका वेळी एकच वाट उघडतो. खांबाची वीज आत येत असेल तर जनरेटर तुटलेला, आणि जनरेटर चालू असेल तर खांब तुटलेला. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घरात असेल, तर आज रात्रीच कापून टाका. तिची एक पिन सॉकेटबाहेर आली तरी उघडी पिन चालूच असते. लेकराचा हात लागला तरी पुरे.

आणि खांबावर माणूस चढलेला दिसला, तुमच्या घरी जनरेटर चालू असेल, तर आधी तो बंद करा. मग बाहेर जाऊन खालच्या मदतनिसाला सांगा, "भाऊ, आमच्याकडे जनरेटर आहे, बंद केलाय. तुमचं काम होईपर्यंत लावत नाही." तेवढे एक वाक्य त्या दिवशी कोणी बोलले असते, तर तो माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेला असता.