आधी आवाज, मग चेहरा

आज घरच्या घरी, हातातल्या मोबाईलवर आपला बोलतानाचा व्हिडिओ कसा काढायचा ते सांगते. आधी माझी चूक सांगते.

इंदापूर तालुक्यातली माझी एक मैत्रीण कुरडया करून विकते. पुण्याच्या एका गिऱ्हाईकानं तिला सांगितलं, "ताई, कुरडया कशा करता ते तुमच्या तोंडून सांगा, व्हिडिओ पाठवा, मग ऑर्डरचं बघू." मे महिना, दुपारी बाराची वेळ. तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं, पंखा लावला आणि मी समोरच्या भिंतीला टेकून फोन धरला. गिऱ्हाईकाचं उत्तर आलं, "चेहरा दिसत नाही, बोलणं कळत नाही." गहू तीन दिवस भिजवते, रोज पाणी बदलते, हे तिचं खरं सांगणं पंख्याच्या घरघरीत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच बसलो. पंख्याशिवाय बसवत होतं, आणि पत्राही शांत होता. उन्हानं तापला की पत्रा तडतडतो आणि तेही व्हिडिओत येतं.

आता आवाजाचं बघा. फोन लांब गेला की आपला आवाज बारीक होतो, पंखा आणि रस्त्यावरची गाडी मात्र तेवढीच ऐकू येते. म्हणून फोन हातभर अंतरावर आणला. तरी बोलणं डब्यातून आल्यासारखं घुमत होतं. उघड्या भिंती, वर पत्रा, खाली फरशी. आवाज आपटून परत येतो. मी बसले आहे त्या रेडिओच्या खोलीत भिंतींना मऊ आवरण असतं, ते याचसाठी. आम्ही दोरी बांधून फोनच्या मागं, म्हणजे तिच्या तोंडासमोर, एक गोधडी टांगली आणि दुसरी खाली अंथरली. घुमणं बरंच कमी झालं. घरात वायरचा इअरफोन असेल तर त्याचा माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर पदराला पिन करा. मंगळसूत्र त्यावर घासू देऊ नका. पण काही फोन व्हिडिओ काढताना तो माईक वापरतच नाहीत. म्हणून रेकॉर्डिंग चालू करून माईकवर नखानं दोन टिचक्या मारा आणि ऐका. टिचकी मोठी ठक्क आली तर माईक चालू आहे, बारीक आली तर फोनचाच माईक चालू आहे.

उजेडाला पैसे लागत नाहीत. तिच्या घराचं दार पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी तिथून ऊन येत नाही, नुसता मऊ उजेड येतो. तिला दारापासून दोन-तीन हात आत, दाराकडे थोडं तिरकं तोंड करून बसवलं. एक गाल अंधारात राहिला, म्हणून त्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकली. उजेड तिच्यावरून परत गालावर आला. घरातला पिवळा बल्ब बंद केला, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर दिसतो. मागची खिडकी झाकून घेतली. पाठीमागं उजेड जास्त असला की फोन त्याच्याशी जुळवून घेतो आणि माणूस काळं पडतं. आदल्या दिवशी तेच झालं होतं.

फोन ठेवायला धान्याच्या कोठीवर पाट, पाटावर डबा रचला, म्हणजे कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला आला. फोन खाली राहिला तर हनुवटी मोठी दिसते आणि मागं आढंच दिसतं. पडद्यावर डोक्याच्या वर बोटभर जागा सोडली. मागचा कॅमेरा बहुधा जास्त चांगला असतो, म्हणून तोच वापरला आणि त्याची काच पदरानं पुसली. कुठं बघायचं ते कळावं म्हणून काचेच्या शेजारी एक टिकली चिकटवली. काचेवर नाही हं! टिकलीकडे बघून बोललं की ऐकणाऱ्याला आपल्याशीच बोलतात असं वाटतं.

शेवटी फोन एरोप्लेन मोडवर टाकला, म्हणजे मधेच कॉल येत नाही. सगळं बोलण्याआधी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं आणि कानाला लावून ऐकलं. तेव्हा कळलं, बोलताना हात हलले की बांगड्या वाजतात. तिनं हात मांडीवर ठेवले आणि मग दीड मिनिट सलग बोलली.

या वेळी गिऱ्हाईकाचा फोन आला. पहिलाच प्रश्न होता, "तीन दिवस गहू भिजवता, मग आंबूस वास येत नाही का?" म्हणजे बोलणं पोचलं होतं. तिनं सांगितलं, "रोज पाणी बदलते ना!" मग भावाचं बोलणं सुरू झालं.

उद्या सकाळी आपल्या घरात जिथं ऊन नाही पण उजेड आहे असं दार शोधा आणि तिथं बसून दहा सेकंद बोलून बघा.