एक नाव, दोन वाद्ये



आपल्या बेळगाव-निपाणीकडे दिंडीतल्या पखवाजालाच मृदंग म्हणतात. या नावानेच एका भजनी मंडळाची फसगत झाली. कुणी दक्षिणेकडून येताना त्यांच्यासाठी ‘मृदंग’ आणला. तो निघाला कर्नाटकी मृदंगम. मंडळ गाणार पांढरी तीनमध्ये, वाद्य काळी एकचे. तीन सूर चढवायला गजऱ्यावर हातोडी चालली आणि पुडी फाटली.

पखवाजात वाद्यांखाली लाकडी गट्टे असतात. ते डाव्या तोंडाकडे ठोकले की वाद्या ताणतात आणि सूर बराच चढतो; गजरा ठोकायचा तो बारीक फरकासाठी. जुन्या धाटणीच्या मृदंगमला असे गट्टे नसतात. कडेवर दगडाने व लाकडाच्या तुकड्याने ठोकून तो थोडाच वर-खाली होतो. म्हणून ते वादक वेगवेगळ्या सुरांची वाद्ये बाळगतात : खालच्या सुराला लांब खोड, वरच्याला आखूड.

उजव्या तोंडावरची शाई दोन्हीकडे कायमची. तिच्या वजनामुळे कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी जुळतात, सर सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये ते दाखवले. मृदंगमच्या उजव्या पुडीत पदरांमध्ये काड्या सरकवतात, म्हणून त्याच्या नादाला किंचित झणकार येतो. डाव्या तोंडावर मात्र रोजचे ओझे : आपल्याकडे कणीक, तिकडे भिजवलेला रवा. लेप वाढवला की सूर उतरतो. तो वाळून तडकला की सूर चढतो, घुमारा जातो. वाजवून झाल्यावर तो खरवडून काढायचा. राहिला तर किडे आणि उंदीर कातडेच कुरतडतात.

वादनाचेही तसेच. पखवाज ध्रुपदाला चौताल, धमाराला धमार ताल आणि भजनाला भजनी ठेका धरतो, मग परण वाजवतो. मृदंगमला ठेका नाही. तो कृतीच्या चालीबरोबर चालतो आणि पुढे तनि आवर्तनम् मध्ये एकटा बोलतो. शेवट मात्र दोघांचा एकच, तीनदा म्हणून समेवर येण्याचा. आपण त्याला तिहाई म्हणतो, ते मोरा.

‘तिट कत गदि गन धा’ हे पाच मात्रांचे बोल घ्या. तिकडचे ‘त दि गि ण तोम्’ हेही पाचच. तीनदा म्हणजे पंधरा मात्रा, आणि पंधरावी समेवर पडायला हवी. बारा मात्रांच्या चौतालात तिहाई अकराव्या मात्रेवर उचलावी लागते, आठांच्या आदितालात तिसरीवर. हातावर मोजून पाहा. दोन्हीकडे शेवटचा ‘धा’ किंवा ‘तोम्’ बरोबर समेवर येतो.

त्या मंडळाने शेवटी पखवाजच घेतला. मृदंगमला नवी पुडी घातली, आणि तो आता काळी एकमध्ये गाणाऱ्या एका कन्नड भजनी मंडळात वाजतो. वाद्य वाईट नव्हतेच. घेताना नाव विचारले होते, सूर विचारायचा राहिला होता.