धक्का बसला, धंदा बुडाला; भरपाई कुठपर्यंत?

गटाच्या बैठकीत भरपाईचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. चूक त्याची, नुकसान माझं, मग मला पैसे का नाहीत?

निष्काळजीपणाच्या दाव्यात कोर्ट आधी एक गोष्ट बघतं: चूक करणाऱ्यावर तुमची काळजी घ्यायची जबाबदारी होती का? हात मोडला, म्हैस मेली, भिंत पडली तर हे दाखवणं तसं सोपं असतं. पण अंगावर ओरखडा नाही, फक्त मनाला धक्का बसला. किंवा सगळं शाबूत आहे, फक्त कमाई बुडाली, तर कोर्ट हात आखडता घेतं. आपल्याकडे हे सगळं एका कायद्यात लिहिलेलं नाही. जुन्या निकालांवरून ठरतं, आणि त्यात इंग्लंडकडचे निकालही बघितले जातात.

पहिली गोष्ट स्कॉटलंडमधल्या एका मासळीवालीची. 1938 साली एडिंबरो शहरात ती ट्रामजवळ उभी राहून पाठीवर टोपली चढवत होती. आठ महिन्यांची गरोदर. ट्रामच्या पलीकडे एक मोटरसायकलवाला भरधाव जाऊन गाडीवर आदळला आणि मेला. तिला दिसलं काहीच नाही, फक्त आवाज आला. नंतर तिनं रस्त्यावरचं रक्त पाहिलं. पुढं तिचं मूल मेलेलं जन्मलं. ती कोर्टात गेली आणि 1942 मध्ये शेवटच्या कोर्टातही हरली. मोटरसायकलवाल्याची चूक होती, हे खरं. पण ट्रामआड उभ्या असलेल्या अनोळखी बाईला याचा असा त्रास होईल, हे त्याला आधी कळण्यासारखं नव्हतं, असं न्यायाधीश म्हणाले. मला हा निकाल कठोर वाटतो. पण सीमा कशी आखतात ते त्यातून कळतं.

चाळीस वर्षांनी, 1982 मध्ये, तिथल्याच शेवटच्या कोर्टात एक आई जिंकली. नवरा आणि मुलांच्या गाडीला अपघात झाला तेव्हा ती घरी होती. तासा-दोन तासांत दवाखान्यात पोहोचली, तर एक मुलगी गेलेली, बाकीचे तेला-चिखलानं माखलेले. ती मनानं आजारी पडली. जवळचं नातं होतं आणि अपघाताचे परिणाम तिनं लगेच डोळ्यांनी पाहिले, म्हणून तिचा दावा टिकला. पण नुसतं दुःख यात धरत नाहीत. मनाचा आजार झाला, असं डॉक्टरांनी सांगावं लागतं. म्हणून असं काही घडलं, झोप उडाली, दचकणं थांबेना, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांना लवकर दाखवा आणि कागद जपा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1998 मध्ये, चुकीच्या इंजेक्शननं कायमचं अधू झालेल्या लेकराच्या आईवडिलांना मनस्तापाचे वेगळे पाच लाख मंजूर ठेवले. तो मात्र ग्राहक कायद्याखालचा दावा होता.

आता कमाईचं. लाळ्या-खुरकूत तुम्हाला माहीत आहे. इंग्लंडमध्ये या रोगावर संशोधन करणाऱ्या संस्थेतून विषाणू निसटला, गुरं आजारी पडली आणि जनावरांचे बाजार बंद झाले. लिलाव करणारे दलाल कोर्टात गेले. 1965 साली निकाल लागला: संस्थेची चूक धरली, तरी तिची जबाबदारी ज्यांची गुरं बाधित झाली त्यांच्यापुरती. दलालांची गुरं नव्हती, त्यांचं फक्त कमिशन बुडालं होतं. त्यांना काही नाही. कारण त्यांना दिलं, तर चहावाला, टेम्पोवाला, दोरखंड विकणारी, सगळेच रांगेत येतील, आणि ती रांग कुठं थांबवायची?

हेच आपल्या गावात लावून बघा. कुणाच्या हलगर्जीपणानं तुमची म्हैस मेली, तर म्हशीची किंमत मागता येते, आणि तिच्यामुळे बुडालेलं दूधही मागता येतं, कारण ते नुकसान म्हशीला धरून आहे. पण दूध कमी आलं म्हणून गटाच्या संकलन केंद्राचं कमिशन घटलं, तर ते दलालांसारखंच. म्हणून पशुवैद्यकाचा दाखला, पंचनामा आणि दूध घातल्याची वही म्हशीच्या मालकिणीच्या नावानं असू द्या.

पण ही भिंत सगळीकडे तेवढीच उंच नाही. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांची मासेमारी बंदराच्या कामानं बुडाली. खाडीचं पाणी अडलं, तिवरं गेली. समुद्र काही त्यांच्या मालकीचा नव्हता. तरी फेब्रुवारी 2015 मध्ये पुण्याच्या हरित लवादानं 1,630 कुटुंबांना 95 कोटींहून जास्त भरपाईचा आदेश दिला. तो निष्काळजीपणाचा साधा दावा नव्हता. 2010 च्या हरित लवाद कायद्यात पर्यावरणाच्या हानीची भरपाई मागता येते, आणि तिथं चूक कुणाची हे सिद्ध करावंच लागतं असं नाही.

आणि बियाणं उगवलं नाही तर? तेही नुसतं पैशाचंच नुकसान. पण तिथं तुम्ही पैसे मोजून माल घेतलेला असतो, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये सांगितलं आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. पावती, पिशवी आणि तिचं लेबल फेकू नका, आणि उगवलं नाही असं दिसताच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, म्हणजे शेत मोडायच्या आधी पंचनामा होईल.